तेरा मुलांच्या सव्वीस नोंदी: दोन कालखंडांच्या क्रॉसओव्हर चाचणीला रुग्ण किती लागतात?

दम्याच्या दोन मुलांपासून सुरुवात करू. एका चाचणीच्या तक्त्यात त्यांचे क्रमांक सात आणि तेरा आहेत. पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकल्यावर सातव्या मुलाची नोंद फॉर्मोटेरॉल घेतल्याच्या दिवशी मिनिटाला ४१० लिटर आली, तर साल्ब्युटामॉल घेतल्याच्या दिवशी ३९०. तेराव्याची नोंद फॉर्मोटेरॉलवर २२० आणि साल्ब्युटामॉलवर अवघी ९०. दोघांनाही फॉर्मोटेरॉलचा गुण जास्त आला, एकाला २० लिटरचा, दुसऱ्याला १३० लिटरचा.

आता समजा, प्रत्येक मुलाला एकच औषध द्यायचं असं ठरलं असतं आणि चिठ्ठी टाकल्यावर सातव्याच्या वाट्याला साल्ब्युटामॉल, तेराव्याच्या वाट्याला फॉर्मोटेरॉल आलं असतं. मग हाती आले असते ३९० आणि २२० हे दोन आकडे, आणि साल्ब्युटामॉल १७० लिटरने सरस दिसलं असतं. दोन्ही मुलांबाबत जे खरं आहे त्याच्या नेमकं उलट. एक मूल मुळातच जोरात फुंकणारं आणि दुसरं मुळातच दमलेलं, एवढाच या १७० चा अर्थ.

प्रत्येकाला एकच औषध देणाऱ्या चाचणीला समांतर चाचणी म्हणतात. असे योगायोग एकमेकांना छेद देऊन नाहीसे व्हावेत म्हणून तिला पुष्कळ रुग्ण लागतात. क्रॉसओव्हर चाचणीत प्रत्येक रुग्ण आळीपाळीने दोन्ही औषधं घेतो आणि त्याची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, म्हणून तिला कमी रुग्ण पुरतात. इथवर कुणाचा वाद नाही. वाद पुढे आहे. कमी म्हणजे नेमके किती कमी, ही बचत कशाशी ताडून मोजायची, आणि ज्या एका आकड्यावर ती उभी आहे तो आकडा आपल्याला कितपत ठाऊक असतो? या लेखात त्याचाच आढावा घ्यायचा आहे.

तक्ता काय सांगतो

वरची दोन मुलं ग्राफ-लॉनेविग आणि ब्राउवाल्ड यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतली आहेत. संख्याशास्त्रज्ञ स्टीफन सेन यांनी क्रॉसओव्हर चाचण्यांवरच्या आपल्या पुस्तकात हीच नोंदवही उदाहरण म्हणून वापरली आणि ती या विषयात घरोघरी पोचली. १२ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल आणि २०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल यांच्या एकेका मात्रेची ही तुलना होती. आपण घेतलेले आकडे औषध ओढल्यानंतर आठ तासांनी मोजलेले आहेत. सात मुलांना आधी फॉर्मोटेरॉल आणि नंतर साल्ब्युटामॉल मिळालं, सहा मुलांना उलट क्रमाने.

फॉर्मोटेरॉलच्या नोंदीतून साल्ब्युटामॉलची नोंद वजा केली, की पहिल्या गटाचे फरक येतात ४०, ५०, ७०, २०, ४०, ३० आणि उणे ३५. दुसऱ्या गटाचे फरक १५, ९०, ३०, ३०, ८० आणि १३०. तेरा मुलांपैकी फक्त एकाचा फरक उणे आहे. पहिल्या गटाची सरासरी ३०.७, दुसऱ्याची ६२.५.

या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढायची, म्हणजे ४६.६. तेराही फरक एकत्र करून थेट सरासरी का काढत नाहीत? कारण दुसऱ्या दिवशी सगळीच मुलं थोडं बरं फुंकत असतील, सरावामुळे म्हणा किंवा हवामानामुळे. पहिल्या गटात याचा फायदा साल्ब्युटामॉलला मिळतो, दुसऱ्या गटात फॉर्मोटेरॉलला. दोन्ही गटांना समान वजन दिलं, की हा कालखंडाचा परिणाम फिटतो. म्हणूनच दोन्ही क्रमांमध्ये रुग्ण सारखे वाटायचे असतात. सगळ्यांना एकाच क्रमाने औषधं दिली, तर औषधाचा गुण कुठला आणि दिवसाचा कुठला, हे कधीच वेगळं करता येत नाही.

प्रचरणाचे दोन हिस्से

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: मुलाची स्वतःची पातळी, औषधाचा परिणाम आणि त्या दिवसाचा चढउतार. पातळी मुलागणिक बदलते. चढउतार मात्र त्याच मुलात दिवसागणिक होतो, कधी रात्री झोप झालेली नसते, कधी फुंकायला जोर कमी पडतो. नोंदींचा पसारा मोजणाऱ्या प्रचरणाचे, म्हणजे व्हेरिअन्सचे, त्यामुळे दोन हिस्से पडतात. एक हिस्सा मुला-मुलांमधला, दुसरा एकाच मुलातला. पहिल्याला ‘बाहेरचं’ आणि दुसऱ्याला ‘आतलं’ प्रचरण म्हणू.

एकाच मुलाच्या दोन नोंदींची वजाबाकी केली, की त्याची पातळी दोन्हीकडून कटते. उरतो औषधांमधला फरक आणि दोन दिवसांचे दोन चढउतार. म्हणून फरकांचं प्रचरण हे आतल्या प्रचरणाच्या दुप्पट असतं. बाहेरचं प्रचरण कितीही मोठं असलं, तरी या हिशेबात ते येतच नाही.

आपल्या तक्त्यात प्रत्येक गटाच्या स्वतःच्या सरासरीभोवती मोजलं, तर फरकांचं प्रचरण साधारण १५०१ येतं. त्याचं निम्मं, ७५०, हे आतलं प्रचरण. वर्गमूळ काढलं तर २७, म्हणजे एकच मूल, तेच औषध घेऊन, एका दिवशी आणि दुसऱ्या दिवशी साधारण २७ लिटरच्या प्रमाण विचलनाने वरखाली होतं. वजाबाकी न करता नुसत्या नोंदी पाहिल्या तर फॉर्मोटेरॉलच्या रकान्याचं प्रमाण विचलन ६० आणि साल्ब्युटामॉलच्या रकान्याचं ८३ आहे. दोन्ही रकान्यांच्या प्रचरणांची सरासरी ५२१२. म्हणजे एकूण पसाऱ्यापैकी जेमतेम १४ टक्के आतला आहे आणि उरलेला सगळा मुला-मुलांमधला. हीच गोष्ट सहसंबंधाच्या भाषेत सांगायची तर एकाच मुलाच्या दोन नोंदींमधला सहसंबंध ०.८६ आहे.

रुग्णसंख्येचं सूत्र

आता याच आकड्यांवर नवी चाचणी आखू. दोन औषधांमध्ये ३० लिटरचा फरक खरोखर असेल तर तो निसटू नये, अशी आपली अट आहे. हा ३० आकडेमोडीतून येत नाही. किती फरक पडला तर उपचार बदलणं सार्थ, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. चुकून फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के आणि पॉवर ८० टक्के ठेवू. या दोन निवडींचे ठरलेले आकडे १.९६ आणि ०.८४२. त्यांच्या बेरजेचा वर्ग ७.८५.

क्रॉसओव्हरसाठी:

एकूण रुग्ण = २ × आतलं प्रचरण × ७.८५ ÷ फरकाचा वर्ग

म्हणजे २ × ७५० × ७.८५ ÷ ९००, उत्तर १३.१. इतक्या कमी रुग्णांवर प्रचरणही त्याच नोंदींवरून काढावं लागतं, म्हणून थोडी भर घालावी लागते. १४ मुलांवर पॉवर ८० च्या खाली राहते, १६ वर ती वर जाते. दोन्ही क्रमांत समान वाटणी हवी म्हणून आकडा समच ठेवायचा. तेव्हा १६, प्रत्येक क्रमात ८.

समांतर चाचणीसाठी:

एकूण रुग्ण = ४ × एकूण प्रचरण × ७.८५ ÷ फरकाचा वर्ग

म्हणजे ४ × ५२१२ × ७.८५ ÷ ९००, उत्तर १८२. प्रत्येक गटात ९१ मुलं.

दोन्ही सूत्रं शेजारी ठेवली की बचत कुठून येते ते दिसतं. २ आणि ४ हा पहिला भेद. तो प्रत्येक मूल दोनदा मोजल्यामुळे येतो, आणि एकाच मुलाच्या दोन नोंदींचा आपसात काहीही संबंध नसता तरी तो राहिला असता. तेव्हा मुलं निम्मी लागली असती आणि नोंदी तितक्याच. खरी कमाई दुसऱ्या भेदात आहे, ५२१२ च्या जागी ७५० आले यात. क्रॉसओव्हरची रुग्णसंख्या ही समांतरच्या रुग्णसंख्येचा ‘एक उणे सहसंबंध, भागिले दोन’ इतका हिस्सा असते. सहसंबंध ०.८६ असेल तर हा हिस्सा सुमारे ७ टक्के, ०.५ असेल तर २५ टक्के.

सूत्र वापरताना दोन चुका वारंवार होतात आणि दोन्हींनी उत्तर दुपटीने चुकतं. पहिली, फरकांचं प्रमाण विचलन ‘आतलं’ समजून सूत्रात घालणं. आपल्या उदाहरणात ३९ आणि २७ यांच्यातला हा गोंधळ आहे. दुसरी, काही पुस्तकांतली सूत्रं एका क्रमातली रुग्णसंख्या देतात आणि काहींतली एकूण, ते न पाहणं. पडताळणीचा सोपा उपाय म्हणजे ज्या चाचणीचं उत्तर माहीत आहे तिचेच आकडे सूत्रात घालून पाहणं. १३ मुलं आणि फरकांचं प्रचरण १५०१ घेतलं, तर परिणामाची प्रमाण चूक १०.८ च्या आसपास यायला हवी. १५ किंवा ७.६ आली, तर कुठेतरी दोनाचा गुणक हरवला आहे.

१८२ शी तुलना रास्त आहे का?

१८२ विरुद्ध १६ ही तुलना व्याख्यानांत फार परिणामकारक ठरते. पण तिच्यात समांतर चाचणीवर थोडा अन्याय आहे. चांगली समांतर चाचणी मुलांना औषध देण्याआधीची नोंदही घेते आणि विश्लेषणात तिचा हिशेब धरते. मुळातच जोरात फुंकणारं मूल कोणतं, हे तिलाही मग थोडंफार कळतं. आधीची आणि नंतरची नोंद यांच्यातला सहसंबंधही ०.८६ च मानला, तर या दुरुस्तीने समांतर चाचणीचं प्रचरण ‘एक उणे सहसंबंधाचा वर्ग’ इतकं उरतं. इथे ते २७ टक्के. १८२ ची गरज एकदम ४९ वर येते.

म्हणजे रास्त तुलना ४९ विरुद्ध १३ अशी आहे, किंवा दोन्हींत लहान नमुन्याची भर घातली तर पन्नासेक विरुद्ध १६. हे गुणोत्तर जरा मांडून पाहिलं तर एक सुबक निष्कर्ष निघतो. आधीची नोंद वापरणाऱ्या समांतर चाचणीच्या तुलनेत क्रॉसओव्हरला लागणारे रुग्ण ‘एक भागिले, दोन गुणिले एक अधिक सहसंबंध’ इतके असतात. सहसंबंध शून्य असेल तर निम्मे, आणि सहसंबंध एकाला टेकला तरी पाव. सहसंबंध कितीही चांगला असो, बचत पन्नास ते पंच्याहत्तर टक्क्यांच्या दरम्यानच राहते. नव्वद टक्के बचतीचा दावा ऐकला, की प्रतिस्पर्ध्याला आधीची नोंद वापरू दिली होती का, हे विचारावं.

पाव किंवा निम्मे रुग्ण हीसुद्धा मोठी बचत आहे, विशेषतः आजार दुर्मीळ असेल किंवा रुग्ण लहान मुलं असतील तेव्हा. पण ती फुकट मिळत नाही.

७५० हा आकडा किती पक्का?

बचतीचा सगळा डोलारा आतल्या प्रचरणावर आहे. चाचणी आखताना ते आणायचं कुठून? बहुतेकदा आधी झालेल्या क्रॉसओव्हर चाचणीतून. इथेच पहिली अडचण येते, कारण अनेक निबंधांत प्रत्येक औषधाची सरासरी आणि त्या रकान्याचं प्रमाण विचलन एवढंच छापलेलं असतं. आपल्या उदाहरणातले ६० आणि ८३ तेवढे छापले असते, तर त्यांतून ७५० काढणं अशक्य झालं असतं. जोड्या मोडलेल्या असतात.

पण निबंधात औषधांमधल्या फरकाची विश्वासार्हता-मर्यादा छापली असेल, तर मागच्या दाराने जाता येतं. आपल्या चाचणीत ९५ टक्के मर्यादा साधारण २२.९ ते ७०.३ अशी येते. तिची निम्मी रुंदी २३.७. तिला ११ मुक्ती-अंशांच्या टी-आकड्याने, २.२०१ ने, भागलं की प्रमाण चूक १०.८ मिळते. तिला १३ च्या वर्गमुळाने गुणलं की फरकांचं प्रमाण विचलन जवळजवळ ३९. त्याचा वर्ग निम्मा केला की पुन्हा ७५० च्या आसपास पोचतो. निबंधाने न सांगितलेला आकडा असा निबंधातूनच निघतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ७५० हा आकडा तेरा मुलांवरून आलाय. त्याची स्वतःची ९५ टक्के मर्यादा काढली तर ती ३७७ पासून २१६३ पर्यंत पसरते. सूत्रात खालचं टोक घातलं तर ७ मुलं, वरचं टोक घातलं तर ३८. चाचणी तीच, शोधायचा फरकही तोच. एकट्या तेराव्या मुलाला वगळलं, त्या ९० च्या नोंदीला, तर आतलं प्रचरण ७५० वरून ५५२ वर येतं आणि सूत्राचं उत्तर १३ वरून १० वर. एका मुलाची एक फुंक पाव रुग्णसंख्या हलवते. त्याला वगळावं असं मी सुचवत नाही, अशी मुलं पुढच्या चाचणीतही येणारच.

यावर प्रचलित तोड अशी की मिळालेल्या आकड्याऐवजी त्याची वरची मर्यादा घ्यायची. ब्राउन यांनी १९९५ मध्ये अशा प्राथमिक नमुन्यांबद्दल लिहिताना ८० टक्के खात्रीच्या वरच्या मर्यादेचा मार्ग मांडला. आपल्या उदाहरणात ती मर्यादा ११८१ येते आणि रुग्णसंख्या १६ वरून २४ वर जाते. दुसरा मार्ग म्हणजे चाचणी दोन टप्प्यांत करायची: पहिल्या टप्प्यानंतर प्रचरण पाहायचं आणि लागतील तेवढे रुग्ण वाढवायचे. जैवसमतुल्यतेच्या चाचण्यांसाठी पॉटविन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे आराखडे तपासले. दोनदा पाहण्याची किंमत म्हणून त्यांच्या एका पद्धतीत प्रत्येक टप्प्याला ०.०५ ऐवजी ०.०२९४ ही पातळी वापरली जाते.

तिसरी गोष्ट अडचण नाही, पण लक्षात ठेवावी अशी आहे. या ७५० मध्ये फक्त दिवसाचा चढउतार नाही. काही मुलांना फॉर्मोटेरॉल खरोखरच इतरांपेक्षा जास्त लागू पडत असेल, तर तो भेदही याच आकड्यात मिसळलेला असतो. दोनच कालखंडांत तो सोडवून काढता येत नाही. त्यासाठी प्रत्येक औषध प्रत्येक मुलाला दोनदा द्यावं लागतं, म्हणजे चार कालखंड लागतात.

कॅरीओव्हर: ज्याची चाचणी करता येत नाही

क्रॉसओव्हरवरचा सर्वांत जुना आक्षेप असा की पहिल्या औषधाचा अंश दुसऱ्या कालखंडात उरला तर? यालाच कॅरीओव्हर म्हणतात. आपल्याच तक्त्यात त्याची सावली शोधता येते. आधी फॉर्मोटेरॉल घेतलेल्या गटाचा सरासरी फरक ३०.७, दुसऱ्या गटाचा ६२.५. दुसऱ्या दिवशी सगळीच मुलं थोडी बरी होती, हा एक अर्थ. फॉर्मोटेरॉलचा अंश उरल्यामुळे पहिल्या गटात साल्ब्युटामॉलच्या नोंदी फुगल्या, हा दुसरा अर्थ. हे दोन आकडे दोन्ही कथांना सारखेच जुळतात.

ग्रिझल यांनी १९६५ मध्ये यावर दोन टप्प्यांची रीत सुचवली. आधी कॅरीओव्हर आहे का याची चाचणी करायची. ती नकारार्थी आली तर नेहमीचं विश्लेषण, होकारार्थी आली तर दुसरा कालखंड टाकून द्यायचा आणि पहिल्याच कालखंडाची समांतर चाचणी मानायची. ही रीत जवळजवळ पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकांत होती. हिल्स आणि आर्मिटेज यांनी १९७९ मध्ये कॅरीओव्हरची ही चाचणी दुबळी असते याकडे लक्ष वेधलं. फ्रीमन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की कॅरीओव्हर मुळीच नसला तरीसुद्धा या दोन टप्प्यांमुळे चुकून फरक दिसण्याची शक्यता ठरवलेल्या ५ टक्क्यांच्या वर जाते. कारण कॅरीओव्हरची चाचणी आणि पहिल्या कालखंडाची तुलना एकाच नोंदींवर उभ्या असतात. एक योगायोगाने होकारार्थी आली, की दुसरीही त्याच बाजूला झुकलेली असते.

दुबळेपणा आपल्या आकड्यांत मोजता येतो. कॅरीओव्हर शोधण्यासाठी प्रत्येक मुलाच्या दोन्ही नोंदींची बेरीज करून दोन गटांची तुलना करायची असते. पण बेरजेत मुलाची पातळी कटत नाही, दुप्पट होते. वजाबाकीने जे बाहेरचं प्रचरण घालवलं, ते बेरजेने परत येतं. पहिल्या गटाची सरासरी बेरीज ६४३.६, दुसऱ्याची ६२९.२. फरक १४, आणि त्याची प्रमाण चूक ८०. औषधाच्या परिणामाची प्रमाण चूक १०.८ होती, ही तिच्या सातपटीहून जास्त. समजा कॅरीओव्हर खरोखर ४० लिटरचा आहे. त्याने औषधांमधल्या फरकात २० लिटरची चूक होईल, म्हणजे आपण शोधायला निघालेल्या ३० चे दोन तृतीयांश. तरीही तो ८० टक्के पॉवरने पकडायचा तर चारशेहून जास्त मुलं लागतील. १६ मुलांच्या चाचणीने त्याबद्दल काही बोलू नये हेच बरं. आणि दुसरा कालखंड टाकून दिला तर हाती उरतात आठ-आठ मुलांचे दोन गट, ज्यांच्यातल्या फरकाची प्रमाण चूक ३६ आहे. ३० चा फरक त्यात दिसायचा नाही.

म्हणून आजचं बहुसंख्य मत असं की कॅरीओव्हरचा बंदोबस्त औषधशास्त्राने आधी करायचा, संख्याशास्त्राने मागाहून नाही. दोन कालखंडांमध्ये औषध शरीरातून उतरायला पुरेसा अवधी ठेवायचा, त्याला वॉशआउट म्हणतात. साल्ब्युटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, फॉर्मोटेरॉलचा सुमारे बारा तास. या चाचणीत दोन मात्रांमध्ये किमान एक दिवस सोडलेला होता, आणि कॅरीओव्हर नाही असं मानायला तोच आधार आहे, बेरजेची चाचणी नाही. ज्या औषधाचा परिणाम आठवडे टिकतो, ज्या उपचाराने आजारच बरा होतो, किंवा ज्या आजारात दुसऱ्या कालखंडापर्यंत रुग्णाची अवस्थाच बदलते, तिथे क्रॉसओव्हर आखूच नये. तिथे रुग्णसंख्येचं सूत्र नेहमीप्रमाणे छोटासा आकडा देईल, आणि तो आकडा निरर्थक असेल.

गळती

मूळ तक्त्यात मुलांचे क्रमांक १ ते १४ आहेत, पण आठवा क्रमांक नाही. क्रॉसओव्हरमध्ये एखादा रुग्ण दुसऱ्या कालखंडाला आला नाही, तर त्याची पहिली नोंदही जवळपास वाया जाते, कारण वजाबाकीला जोडीदार नसतो. शिवाय चाचणी दोन कालखंडांची असल्याने रुग्णाला जास्त दिवस धरून ठेवावं लागतं आणि गळतीही वाढते. दहापैकी एक गळेल असं धरलं, तर २४ ला ०.९ ने भागून २७ येतात, दोन क्रमांत समान वाटण्यासाठी २८. पहिल्या सूत्राचं १३ हे उत्तर आणि आराखड्यात लिहायचा आकडा यांच्यात असं दुपटीचं अंतर पडतं. यातला बराचसा भाग प्रचरणाबद्दलच्या अज्ञानाचा आहे, थोडा गळतीचा.

जेनेरिक गोळ्यांच्या चाचण्या

दोन कालखंडांचा क्रॉसओव्हर रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त वापरला जातो तो जेनेरिक औषधांच्या जैवसमतुल्यता चाचण्यांत, आणि आपल्या देशातल्या औषध उद्योगाचा याच्याशी थेट संबंध आहे. निरोगी स्वयंसेवकांना एका कालखंडात मूळ औषध आणि दुसऱ्यात जेनेरिक देतात आणि रक्तातलं प्रमाण मोजतात. इथे प्रश्न उलटा असतो. फरक आहे हे दाखवायचं नसतं, तर दोन्हींचं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या आतच आहे हे दाखवायचं असतं. मोजमाप लॉगॅरिदमवर होतं, त्यामुळे आतला चढउतार टक्क्यांत सांगतात.

खरं गुणोत्तर ९५ टक्के आणि पॉवर किमान ८० टक्के धरली, तर आतला चढउतार १५ टक्के असताना १२ स्वयंसेवक पुरतात, २० टक्के असताना २०, ३० टक्के असताना ४० आणि ४० टक्के असताना ६६. चढउतार दुप्पट झाला तर स्वयंसेवक तिपटीहून अधिक. म्हणून ३० टक्के किंवा त्याहून जास्त चढउतार असलेल्या औषधांना वेगळा वर्ग मानतात. त्यांच्यासाठी एकच औषध एकाच स्वयंसेवकाला पुन्हा देणारे, तीन-चार कालखंडांचे आराखडे वापरतात. दम्याच्या मुलांबाबत दोन कालखंडांत जो भेद सोडवता आला नव्हता, तो तिथे सुटतो.

एका स्वयंसेवकाच्या रक्तात गोळीचं प्रमाण दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतं, कारण वजन वेगळं, यकृताचा वेग वेगळा. त्याने या आकड्यांना काही होत नाही. स्वयंसेवक किती लागतील, हे एकाच माणसाच्या दोन दिवसांत किती अंतर पडतं यावरच ठरतं.

आराखडा तपासताना

इतक्या चर्चेनंतर हातात काय ठेवायचं? क्रॉसओव्हरच्या आराखड्यात रुग्णसंख्येच्या परिच्छेदाशी थांबून मी तीन गोष्टी शोधतो. आतलं प्रचरण कुठून घेतलं आणि ते किती जणांवरून आलं. त्याची वरची मर्यादा घेतली की हाती आलेला आकडाच घेतला. आणि वॉशआउटचा कालावधी औषधाच्या परिणामाच्या कालावधीवरून ठरवला की कॅरीओव्हरच्या चाचणीवर सोडला. ‘आधीच्या अभ्यासावरून प्रमाण विचलन ३९ घेतलं’ असं वाक्य दिसलं, तर आधी विचारायचं, ते कशाचं: नोंदींचं, फरकांचं, की एकाच मुलातलं? ३९ हे फरकांचं असेल तर सूत्राला १३ मुलं लागतात. तेच आतलं म्हणून घातलं तर २६.

तेराव्या मुलाची ९० ची नोंद दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रकारे बोलते. समांतर चाचणीत ते मूल ज्या गटात जाईल त्या गटाला एकटंच खाली ओढेल. क्रॉसओव्हरमध्ये त्याची पातळी कटते, पण त्याचा १३० चा फरक आतल्या प्रचरणात राहतो आणि पुढच्या चाचणीच्या रुग्णसंख्येत जाऊन बसतो. वजाबाकीने मुला-मुलांमधलं अंतर जातं. त्याच मुलाचं स्वतःशी पडलेलं अंतर जात नाही, आणि रुग्ण किती लागतील ते त्यावरच ठरतं.